एक ग्राहक, दोन राज्यं, तीन सॉफ्टवेअर: ग्राहकाच्या माहितीचा माग कसा काढायचा आणि खरी नोंद एकच कशी ठेवायची

बेळगावच्या उद्यमबागेतली एक फाउंड्री आणि तिचा एक जुना गिऱ्हाईक, यांच्यात घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो. हे गिऱ्हाईक पंप बनवतं. त्याचा मूळ कारखाना उद्यमबागेतच आहे. पुढे त्यांनी दुसरं युनिट बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीला टाकलं. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मालक तेच, पॅन तोच, पण जीएसटी नंबर दोन: उद्यमबागेचा `29` ने सुरू होणारा आणि शिनोळीचा `27` ने.

मार्च महिन्यात शिनोळीच्या खरेदी विभागाने पंपाच्या केसिंगची ऑर्डर दिली. माल शिनोळीला गेला. बिल झालं १,८४,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्क्यांनी ३३,१२० रुपये कर. मे संपत आला तरी पैसे आले नाहीत. फोन केल्यावर तिकडून उत्तर मिळालं, "तुमचं बिल आमच्या टू-बी मध्ये दिसतच नाही." टू-बी म्हणजे खरेदीदाराच्या नंबरवर निघालेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. दिसणार कसं? बिल निघालं होतं उद्यमबागेच्या नंबरवर, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी १६,५६० लावून. हे दोन्ही राज्यातल्या राज्यात लागणारे कर. खरं तर शिनोळीच्या नंबरवर पूर्ण ३३,१२० आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीचा कर, लागायला हवा होता. ई-इनव्हॉइस रद्द करायची मुदत २४ तासांची, ती केव्हाच सरली होती. सीएंच्या सल्ल्याने क्रेडिट नोट काढून नवं बिल करावं लागलं. पैसे यायला जून उजाडला.

मला तिथे बोलावलं ते "बिलिंगमधली चूक शोधा" म्हणून. हिशेब बघणाऱ्या बाईंनी लेजर उघडून दाखवलं आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून हाच नंबर हाय की वो." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. विक्रीवाल्याने शिनोळीचा नंबर सीआरएममध्ये, म्हणजे विक्री विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहून ठेवला होता, तोही बरोबर. डिस्पॅचने पत्ता शिनोळीचाच टाकला होता, म्हणून तर गाडी अडली नाही. तिघांनी आपापलं काम नीट केलं आणि तरी बिल चुकलं. असं का होतं आणि ते कसं थांबवायचं, एवढंच या लेखात सांगतो. ग्राहक दोन-तीनशे असतील, माणसं पाच-सात असतील, अशा कारखान्याला महागडं वेगळं सॉफ्टवेअर न घेता हे जमतं.

आधी एका चुकलेल्या बिलाचा माग काढा

डेटा लिनिएज या शब्दाला घाबरू नका. बिलावर छापलेली एखादी गोष्ट कुठून आली, वाटेत कुणाच्या हातातून गेली, कुठे बदलली, हा तिचा माग म्हणजे लिनिएज. सगळ्या ग्राहकांच्या सगळ्या माहितीचा नकाशा काढायला बसलात तर महिना जाईल आणि तो कुणी वाचणार नाही. त्याऐवजी नुकतंच चुकलेलं एक बिल घ्या, त्यावरचा चुकलेला एक रकाना घ्या आणि उलटे मागे चालत जा.

प्रत्येक टप्प्यावर चार प्रश्न विचारायचे. ही माहिती इथे कुठून आली? माणसाने टाइप केली, फाइलमधून आली की सॉफ्टवेअरने आपोआप भरली? येताना तिच्यात काय बदललं किंवा काय गळालं? आणि कधी आली? उत्तर तोंडी ऐकून लिहू नका. स्क्रीन बघा, फाइल उघडा. "ती फाइल रोज जाते" असं सांगतात आणि फोल्डर उघडल्यावर शेवटची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची निघते, हे मी पाहिलं आहे.

आमच्या बिलाचा माग असा निघाला. बिलावरचा जीएसटी नंबर आला बिलिंगच्या लेजरमधून. लेजरमध्ये तो टाइप केला होता जुलै २०१७ मध्ये, जीएसटी सुरू झाला तेव्हा. बिलिंगला ऑर्डर येते ईआरपीतून, म्हणजे ऑर्डरी नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधून, रोज संध्याकाळी एका सीएसव्ही फाइलने. ती फाइल उघडली. तिच्यात ग्राहकाचा कोड `C-0412`, मालाचा कोड, नग, दर आणि डिलिव्हरीचा पत्ता होता. जीएसटी नंबराचा रकानाच नव्हता. ईआरपीत या ग्राहकाला कोड एक आणि पत्ते दोन. बिलिंगमध्ये त्या कोडला लेजर एक आणि नंबर एक. म्हणजे ऑर्डर कुठल्याही युनिटची असो, बिल उद्यमबागेचंच होणार. आणि शिनोळीचा नंबर? तो २०२१ पासून सीआरएममध्ये होता, पण शेरा लिहायच्या मोकळ्या रकान्यात: "शिनोळी युनिटला वेगळा जीएसटी, बिल करताना बघणे". त्या रकान्यातून पुढे कुठेही वाट नव्हती.

या तुटलेल्या जागेचं नाव सापडलं की अर्धं काम झालं. हा माग एका साध्या शीटमध्ये लिहून ठेवा, दर टप्प्याला एक ओळ: रकाना, कुठून, कुठे, कसा, किती वेळाने, काय गळतं. आमची या नंबराची शीट चार ओळींची होती. पुढे पत्ता, उधारीचे दिवस आणि संपर्काचा मोबाइल या तीन रकान्यांची शीट केली. एवढ्यावर आमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हाती आलं.

ग्राहक म्हणजे नक्की कोण, हे ठरवा

सीमेवरच्या धंद्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. विक्रीवाल्याला ग्राहक म्हणजे ज्याच्याशी तो बोलतो तो माणूस. डिस्पॅचला ग्राहक म्हणजे जिथे गाडी रिकामी होते ते गेट. हिशेबाला ग्राहक म्हणजे ज्याच्या नावे लेजर आहे तो. तिघांचे अर्थ एकाच कोडमध्ये कोंबले की आमच्यासारखी गत होते.

म्हणून तीन थर करा. वरचा थर कायदेशीर ग्राहकाचा, त्याची ओळख पॅन. दुसरा थर नोंदणीचा, त्याची ओळख जीएसटी नंबर. एका पॅनखाली कर्नाटकचा `29`, महाराष्ट्राचा `27`, गोव्याचा `30` असे अनेक असू शकतात. तिसरा थर डिलिव्हरीच्या जागांचा. संपर्काची माणसं आणि त्यांचे मोबाइल यांतल्या कुठल्याही थराला जोडा, पण मोबाइल ही ग्राहकाची ओळख धरू नका. खरेदी अधिकारी नोकरी बदलतो, नंबर त्याच्याबरोबर दुसऱ्या कारखान्यात जातो.

जीएसटी नंबराची रचना इथे फार कामाला येते. १५ अक्षरांतली पहिली दोन राज्याची, पुढची दहा म्हणजे पॅन, तेरावं त्या राज्यातल्या त्याच पॅनच्या नोंदणीचा क्रम, चौदावं बहुधा `Z`, आणि शेवटचं तपासणीचं. पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की ही कंपनी (`C`), भागीदारी (`F`) की व्यक्ती (`P`). म्हणजे पहिला आणि दुसरा थर या एका नंबरातूनच जुळवता येतो.

नावावर विसंबू नका, निदान आपल्या भागात तरी नाहीच. तोच देव मराठी माणूस Laxmi लिहितो आणि कन्नड टायपिस्ट Lakshmi. Shri आणि Sri, Nipani आणि Nippani, Hukeri आणि Hukkeri, Chikodi आणि Chikkodi. १ नोव्हेंबर २०१४ ला Belgaum चं अधिकृत नाव Belagavi झालं, पण जुन्या नोंदींत दोन्ही नांदतात. नाव जुळवून दुबार नोंदी शोधणारं साधन या सगळ्यांना वेगळे ग्राहक समजेल, आणि एका गावातल्या एकाच देवाच्या नावाच्या दोन वेगळ्या दुकानांना मात्र एक समजेल.

प्रत्येक रकान्याला एकच मालक

एकच खरी नोंद म्हणजे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये हलवणं, असा समज आहे. तसं केलं तर विक्रीवाला पुन्हा स्वतःची वही उघडतो. माझ्या अनुभवात टिकतो तो नियम असा: प्रत्येक रकाना एकाच जागी भरायचा किंवा बदलायचा, बाकी ठिकाणी तो फक्त दिसायचा.

त्या फाउंड्रीत आम्ही वाटणी अशी केली. ग्राहकाचा कोड देणारं ठिकाण ईआरपी, कारण ऑर्डर तिथेच जन्मते. कायदेशीर नाव, पॅन, जीएसटी नंबर आणि नोंदणीचा पत्ता यांचा मालक हिशेब विभाग. त्यांनी ते ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या व्हिजिटिंग कार्डावरून भरायचे नाहीत. जीएसटी पोर्टलवर नंबर शोधून कायदेशीर नाव आणि `Active` ही स्थिती बघूनच भरायचे. डिलिव्हरीचा पत्ता आणि गेटची वेळ डिस्पॅचकडे. संपर्काची माणसं सीआरएममध्ये, विक्रीकडे. उधारीचे दिवस आणि मर्यादा मालकाच्या संमतीने हिशेबाकडे. थकबाकी कुणीच टाइप करायची नाही. ती बिलिंग मोजेल आणि सीआरएममध्ये "काल रात्रीपर्यंत" अशी वेळ लावून दिसेल.

एक जागा जपा. कर कुठला लावायचा हे डिलिव्हरीच्या पत्त्यावरून ठरवायचं नाही. शिनोळीने ऑर्डर देऊन "माल उद्यमबागेतल्या मशीन शॉपला टाका" असं सांगितलं, तर गाडी दोन गल्ल्या पलीकडे गेली तरी कायद्याने पुरवठ्याचं ठिकाण माल टाकायला सांगणाऱ्याचं, म्हणजे शिनोळीचं. बिलावर आयजीएसटीच येणार. म्हणून ऑर्डर घेतानाच "बिल कुणाच्या नावे" आणि "माल कुठे" हे दोन वेगळे रकाने हवेत, दोन्ही भरल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकू नये. आमच्या सीएसव्हीत जो रकाना नव्हता, तो हाच: नोंदणीचा कोड, `C-0412-29` किंवा `C-0412-27`.

मालकी ठरली की इतरांच्या स्क्रीनवर तो रकाना कुलूपबंद करा. सॉफ्टवेअर जुनं असून कुलूप लागत नसेल, तर रात्री तुलना करून सकाळी फरकाची यादी काढा. कागदावर नियम लिहून भागत नाही.

जोड-तक्ता

तिन्ही सॉफ्टवेअरचे कोड बदलायच्या फंदात पडू नका. बिलिंगमध्ये लेजरचं नावच कोड असतं, सीआरएमला आपला आकडा असतो. त्यांना जोडणारा एक छोटा तक्ता ठेवा:

```sql
CREATE TABLE customer_link (
  site_id     VARCHAR(12),  -- C-0412-27
  system_name VARCHAR(10),  -- ERP, BILL, CRM
  local_code  VARCHAR(60),
  valid_from  DATE,
  valid_to    DATE,
  merged_into VARCHAR(12)
);
```

यातल्या दोन तारखा म्हणजे या तक्त्याचा जीव. ग्राहकाचा पत्ता बदलला, नोंदणी रद्द झाली, तर जुनी ओळ पुसायची नाही. तिला शेवटची तारीख द्यायची आणि नवी ओळ घालायची. मास्टर, म्हणजे ग्राहकांची चालू नोंद, पुढच्या बिलांसाठी असतो. झालेल्या बिलावर त्या दिवशी जे खरं होतं तेच राहिलं पाहिजे. एका ठिकाणी Belgaum चं Belagavi करताना जुन्या बिलांतले पत्तेही एका झटक्यात बदलले गेले. नंतर बिलाची प्रत मागितली तेव्हा ग्राहकाकडचा कागद आणि यांचा कागद जुळेना.

याच्याच शेजारी बदलांची नोंद ठेवा: कोणता रकाना, आधी त्यात काय होतं, आता काय आहे, कुणी, केव्हा, आणि कशाच्या आधारे. शेवटचा रकाना लोक टाळतात, पण माग काढताना तोच बोलतो. "पोर्टलवर पाहिलं", "ग्राहकाचा मेल", "फोनवर सांगितलं" एवढं पुरतं.

सफाई, आणि जोडताना होणारी मोठी चूक

आता जुन्या नोंदी. तिन्हीकडून ग्राहकांची यादी काढा. एक्सेलमध्ये उघडताना मोबाइल आणि पिन कोडचे रकाने मजकूर म्हणून घ्या, नाहीतर `91` लावलेले लांब आकडे 9.19E+11 असे दिसायला लागतात आणि तसेच परत जाऊ शकतात. मग आधी जीएसटी नंबर बरोबर टाइप झाला आहे का ते तपासा:

```python
CH = "0123456789ABCDEFGHIJKLMNOPQRSTUVWXYZ"
def ok(g):
    if len(g) != 15 or any(c not in CH for c in g):
        return False
    s = 0
    for i, c in enumerate(g[:14]):
        p = CH.index(c) * (1 + i % 2)
        s += p // 36 + p % 36
    return CH[(36 - s % 36) % 36] == g[14]
```

हे काय पकडतं ते एका बनावट नंबरावर बघा. `AABFS0000K` असा काल्पनिक पॅन धरला तर कर्नाटकचा नंबर होतो `29AABFS0000K1ZK` आणि महाराष्ट्राचा `27AABFS0000K1ZO`. दुसऱ्याच्या शेवटी ओ हे अक्षर आहे. घाईत तिथे शून्य पडतं, डोळ्याला फरक दिसत नाही, पण वरची तपासणी लगेच नकार देते. याच कारणाने कुणी `29` चा नंबर कॉपी करून नुसते पहिले दोन आकडे `27` केले, तर तोही नापास होतो, कारण शेवटचं अक्षर बदलावं लागतं. या तपासणीची मर्यादाही लक्षात ठेवा. नंबर चालू आहे की रद्द, तो याच ग्राहकाचा आहे का, आणि ऑर्डर या युनिटची होती का, यांतलं काही ती सांगत नाही. आमच्या मार्चच्या बिलावरचा नंबर यात पास झाला असता.

दुसरी तपासणी राज्य आणि पिन कोडची. नोंदणीचा पत्ता `29` चा असेल तर पिन ५६ ते ५९ ने सुरू व्हायला हवा. बेळगाव जिल्ह्याचे ५९० आणि ५९१ चे. `27` ला ५९ चा पिन दिसला तर कुणीतरी दोन युनिटची माहिती मिसळली आहे. नोंदणीचे पत्ते `customer_site` या तक्त्यात आहेत असं धरून:

```sql
SELECT site_id, gstin, pin FROM customer_site
WHERE LEFT(gstin,2) = '27'
  AND (LEFT(pin,2) NOT IN ('40','41','42','43','44')
       OR LEFT(pin,3) = '403');  -- 403 गोव्याचा
```

यानंतर जुळवणी. जीएसटी नंबर तंतोतंत सारखा असेल तर ती एकच नोंदणी, जोडा. पॅन सारखा पण राज्य वेगळं असेल तर वरच्या थराला एकत्र आणा, पण लेजर एक करू नका. ही चूक दुबार नोंदीपेक्षा वाईट. दुबार नोंद यादीत डोळ्यांना दिसते. चुकून एक केलेली दोन लेजर मात्र दिसत नाहीत. ती महिन्यांनी कुणाच्या तरी अडकलेल्या पैशातून कळतात. राज्यही एकच आणि तेरावं अक्षर वेगळं असेल, तर ती एकाच राज्यातली दुसरी नोंदणी आहे, तीही वेगळी ठेवा.

नंबर नसलेले, म्हणजे सुटे भाग नेणारे शेतकरी, छोटे फॅब्रिकेशनवाले, यांना यंत्रावर सोडू नका. नाव, गाव आणि मोबाइल यांची यादी काढून काउंटरवरच्या जुन्या माणसाला शेजारी बसवा. संकेश्वरचा हा आणि हुक्केरीचा तो भाऊ-भाऊ की एकच, हे त्यालाच ठाऊक असतं. शंका असेल तिथे जोडू नका. दोन नोंदी राहिल्या तरी चालतील.

जोडलेली जुनी नोंद कधी पुसू नका. `merged_into` मध्ये नव्या नोंदीचा कोड लिहा आणि नव्या बिलासाठी ती बंद करा. तिच्यावरची जुनी बिलं तिच्याचकडे राहू देत. शिल्लक हलवायची ती हिशेब विभागाने जर्नल नोंदीने हलवावी, सॉफ्टवेअरवाल्याने तक्त्यात हात घालून नव्हे.

शनिवारी संध्याकाळची गाडी

ही सगळी मांडणी मोडते ती एकाच वेळी. शनिवारची संध्याकाळ, गाडी भरलेली, ड्रायव्हर गेटवर उभा, ग्राहक नवा, आणि ज्यांनी जीएसटी तपासून नोंद करायची त्या घरी गेलेल्या. डिस्पॅचचा पोरगा बिलिंगमध्ये जाऊन मिळेल त्या नावाने नवं लेजर उघडतो. त्याला रागावून उपयोग नाही, गाडी थांबवणं त्याच्या हातात नाही. त्याच्यासाठी अधिकृत वाट ठेवा: `T-` ने सुरू होणारा तात्पुरता कोड, जीएसटी नंबर वरच्या तपासणीतून गेला तरच एक बिल काढायची मुभा, आणि तीन दिवसांत हिशेब विभागाने पोर्टलवर खात्री करून पक्का कोड द्यायचा. न दिल्यास दुसरं बिल निघत नाही.

मांडणी ढासळतेय हे ओळखायला दर सोमवारी तीन गोष्टी बघा. जोड-तक्त्यात नसलेली बिलिंगची लेजर किती. ग्राहक आणि त्याचं पहिलं बिल एकाच दिवशी तयार झालेली किती. आणि सीआरएमच्या शेऱ्याच्या रकान्यात "जीएसटी", "बिल", "पत्ता" हे शब्द किती ठिकाणी आहेत. तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटते. लोक शेऱ्यात लिहू लागले, म्हणजे त्यांच्या हाती असलेल्या खऱ्या माहितीला जायला रकाना नाही. तिथे माणसाला समज देण्याऐवजी रकाना द्या. २०२१ मध्ये शिनोळीबद्दल तो शेरा लिहिणाऱ्याने जे करता येण्यासारखं होतं ते केलं होतं.

एक प्रकार अजून हाताने सोडवावा लागतो. मालकीचा धंदा भागीदारीत गेला की पॅन बदलतो, चौथं अक्षर `P` चं `F` होतं आणि जीएसटी नंबरही नवा येतो. पाटी तीच, गेट तेच, फोन उचलणारा माणूसही तोच. विक्रीवाल्याच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. तरी कायद्याने हा नवा ग्राहक, म्हणून नवा कोड द्यायचा, जुन्याला शेवटची तारीख लावायची आणि "आधीचा कोड" या रकान्यात दोघांना बांधायचं, म्हणजे गेल्या दहा वर्षांचा व्यवहार एका जागी दिसतो. मात्र जुनी उधारी नव्या भागीदारीच्या नावे आपण होऊन लिहू नका. ती कोण देणार, याचं दोन्ही बाजूंच्या सहीचं पत्र घ्या आणि बदलाच्या नोंदीत आधार म्हणून त्याच पत्राची तारीख लिहा.